गाळलेला ‘धाकटा’

सरांकडं शिफारसपत्र मागायला गेलो, आणि मी नेमका कोण तेवढंच चिठ्ठीत लिहिलं नाही.

एवढीच चूक. बाकी चिठ्ठी झकास होती. अक्षर मोत्यासारखं, शाई निळी, कागद लढाईच्या महागाईतही परीटघडीचा. सुरुवातीला ‘परमपूज्य गुरुवर्य’, शेवटी ‘आपला चरणरज’. मधे सगळं आकाश मोकळं.

आमच्या भागात एक आडनाव असं आहे की ढेकूळ उचललं तर खाली सापडतं. कंग्राळीच्या मराठ्यांत ते आहे, निपाणी-चिकोडीकडच्या जैनांत आहे, लिंगायतांतही आहे. त्यामुळं बेळगावच्या कॉलेजात आमच्या गणिताच्या वर्गात त्या आडनावाचे आम्ही दोघं निघालो यात नवल काही नव्हतं. सर मुलांना आडनावानंच हाक मारत. मग दोघांना ओळखायचं कसं? त्यांनी पहिल्याच आठवड्यात निवाडा करून टाकला. ज्याचं नाव हजेरीत वर तो थोरला, खाली तो धाकटा. थोरला निपाणीजवळच्या खेड्यातला जैन, वयानं माझ्याहून चार महिन्यांनी लहान. धाकटा मी. दोन वर्षं सर फळ्याकडं तोंड करून म्हणायचे, “हं, धाकटे, सांगा.” आणि मुली नसलेल्या वर्गातही मला लाज वाटायची. नाटकात राजाची कामं करणाऱ्यानं धाकटे म्हणून का उठावं?

थोरल्याला त्याचं काही नव्हतं. तो मुळात बोलायचाच कमी. खेड्यांतून आलेल्या पोरांना इंग्रजीतला सिद्धांत कळला नाही की संध्याकाळी वसतिगृहाच्या पायरीवर बसून तो त्यांना कानडीतून समजावून द्यायचा. एकदा सरांनी चाचणीच्या पेपरांची बेरीज करताना घोळ घातला. थोरल्याला नऊ गुण जास्त पडले होते. हा पेपर घेऊन सरांच्या टेबलाशी गेला आणि नऊ गुण कापून घेऊन आला. त्याच गठ्ठ्यात मला सहा जास्त पडले होते. मी पेपराची घडी घालून खिशात ठेवली आणि थोरल्याला म्हणालो, “तू वेडा हायस काय रं?”

तो म्हणाला, “माझं न्हवतं ते.”

एवढंच. ह्याच्याशी भांडायचं तरी कसं?

बी.ए. झालो तिसऱ्या वर्गात. त्यानंतर दोन वर्षं कंग्राळीला घरी. गावात पहिला बी.ए. म्हणून पहिल्या महिन्यात लोक ओट्यावर येऊन बसायचे, दुसऱ्या महिन्यात अर्ज लिहून घ्यायला यायचे, तिसऱ्यानंतर यायचे बंद झाले. आमची आक्का माहेरी आली की गोठ्यातूनच सुरू करायची.

“आप्पा, ह्या म्हशीला जरा इंग्रजी शिकवा की. न्हायतर शिकलेलं वाया जाईल.”

आप्पा काही बोलत नसत. त्यांचं न बोलणं आक्काच्या बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

अशात थोरल्याचं पाकीट आलं. निपाणीच्या एका हायस्कुलात तो वर्षभर हंगामी शिक्षक होता, रजेवर गेलेल्या मास्तरांच्या जागी. ते मास्तर आता परत येणार नव्हते. जागा कायमची झाली होती आणि रीतीप्रमाणं जाहिरात निघाली होती: गणित शिकवणारा, मराठी-कानडी दोन्ही येणारा, सोबत प्राध्यापकाचं मूळ शिफारसपत्र. थोरल्यानं मला लिहिलं, ‘मी अर्ज करणार आहे. तूही कर. कुणाला मिळेल ते सांगता येत नाही, पण आपल्यातल्या एकाला तरी मिळू दे.’

ती जागा म्हणजे त्याच्या हातातली भाकरी. त्याच्या घरी तंबाखूचं शेत, त्यावर तीन भाऊ. शेतात चौथा मावत नव्हता. ही जागा गेली तर त्याला वखारीत तंबाखूच्या बोदांवर, म्हणजे बांधलेल्या गठ्ठ्यांवर, उभं राहावं लागणार, हे मला ठाऊक होतं. तरी त्यानं मला बोलावलं. त्याच्या जागी मी असतो तर जाहिरातीचा कागद गिळला असता.

पाकिटात आणखी एक कागद होता. सरांना पाठवायच्या आपल्या चिठ्ठीची त्यानं मला नक्कल काढून दिली होती. खाली लिहिलं होतं, ‘सरांना आता नीट दिसत नाही आणि पोरं हजार होऊन गेली. त्यांना शोधायला लावू नकोस. असं लिहून दे.’

पुरं अर्धं पान नव्हतं ते. पूर्ण नाव, पुढं कंसात ‘थोरला’. कोणती दोन वर्षं त्यांच्या हाताखाली होतो, कोणते पेपर, किती गुण. आता काय करतो. जागा कोणती, तिथं काय शिकवायचं. पत्र कुणाच्या नावानं हवं, त्यांचा हुद्दा आणि पत्ता. अर्जाची शेवटची तारीख. सरांना आठवेल असा एक प्रसंग: ‘चाचणीतले नऊ गुण.’ आणि शेवटी एक ओळ: ‘माझा दोष: फार हळू बोलतो, मागच्या बाकाला ऐकू जात नाही.’ सोबत हेडमास्तरांचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट, म्हणजे पत्र सरांकडून थेट तिकडं जावं.

मी तो कागद आक्काला वाचून दाखवला आणि पोट धरून हसलो. “हे शिफारसपत्र मागणं झालं की तलाठ्याकडं वर्दी देणं झालं? आणि आपला दोष आपणच लिहायचा? नवऱ्या मुलानं मुलीच्या बापाला सांगावं, मला खरूज हाय म्हणून?”

आक्का म्हणाली, “त्यानं लिवलंय तसं लिव गुमान.”

“आक्का, सर मला विसरतील? गॅदरिंगमधे दोन वर्षं राजा झालोय मी!”

आणि मी माझी चिठ्ठी लिहिली. गुरुमहिम्याच्या सात ओळी, माझ्या कृतज्ञतेच्या पाच, आणि शेवटी ‘निपाणीच्या हायस्कुलातल्या जागेसाठी आपले चार शब्द मिळाले तर जन्माचं सार्थक.’ वर्ष नाही, पेपर नाही, गुण तर नाहीतच. तिसऱ्या वर्गाची आठवण कशाला करून द्या? सही नुसत्या आडनावाची, सरांच्या पद्धतीनं. पुढं ‘धाकटा’ लिहायला लेखणी टेकवली होती, शपथ. शाईचा ठिपकासुद्धा पडला. त्या ठिपक्याची मी नक्षी केली.

चालत बेळगावला गेलो. सर रेल्वे फाटकापलीकडं राहायचे. ते कॉलेजात होते. सरांच्या पत्नी, आम्ही त्यांना बाई म्हणायचो, दारात आल्या, चिठ्ठी घेऊन म्हणाल्या, “उद्या या.” दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हाही सर कॉलेजातच. बाईंनी पाकीट दिलं, उघडंच. सरांची ती रीत होती: तुमच्याबद्दल मी काय म्हणतो ते तुम्हाला वाचता आलं पाहिजे. दोन्ही दिवशी मी सरांच्या समोर पडलोच नाही. पडलो असतो तर आवाजावरनं त्यांनी ओळखलं असतं. आवाज माझा कुणी विसरत नसे.

फाटकाजवळच्या झाडाखाली उभं राहून पत्र वाचलं. इंग्रजीत होतं, मोठ्या मोठ्या, जरा वाकड्या अक्षरांत. पहिलं वाक्य वाचून छाती फुगली. ‘हा तरुण कमी बोलतो.’ म्हटलं, सर काय गोड थट्टा करतात. दुसरं वाक्य: मागे राहिलेल्या मुलांना कानडीतून समजावून देण्यात याच्या संध्याकाळी गेल्या. तिसरं: एकदा माझ्या चुकीनं जास्त पडलेले नऊ गुण यानं स्वतः येऊन कमी करून घेतले, माझ्या नोकरीत असा विद्यार्थी दुसरा पाहिला नाही, मुलांसमोर उभा करावा असा माणूस आहे हा.

मी पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं चूक आहे. दुसऱ्यांदा वाटलं, चूक सरांची आहे. तिसऱ्यांदा वाटलं, इतकं चांगलं पत्र वाया का घालवा? आडनाव तर माझंच होतं की!

त्याच दुपारी पोस्टात जाऊन अर्जासोबत ते निपाणीला धाडून दिलं. घरी सांगितलं, “सरांनी लई चांगलं लिहिलंय.” ते खोटं नव्हतं. खोटं बोलायची माझी पद्धत नेहमीच अशी खऱ्यातून जाणारी.

सहाव्या दिवशी सरांचं कार्ड आलं. ‘तुमच्या नावानं दिलेलं पत्र थोरल्यांचं आहे असं आज त्यांची चिठ्ठी आल्यावर ध्यानात आलं. चूक माझी. ते परत आणून द्या. तुमचं वेगळं लिहून देईन. काय लिहू ते टिपून आणा.’

पोस्टमन कार्ड वाचूनच देत असे. पण हे कार्ड इंग्रजीत होतं म्हणून गावाला कळलं नाही. आक्कानं विचारलं, “कुणाचं रं?”

“सरांचं. शुभेच्छा दिल्यात.”

कार्ड माझ्या सदऱ्याच्या खिशात चार दिवस राहिलं. सरांकडं जायला तासाभराची चाल होती. हेडमास्तरांना एक कार्ड टाकायला तेवढीही नव्हती: ‘माझ्या अर्जातलं पत्र चुकून आलं आहे, बाजूला ठेवा.’ एवढं एक वाक्य. मी एरवी दिवसाला दोन हजार वाक्यं बोलणारा माणूस. ते एक काही बाहेर आलं नाही. मनाशी म्हणालो, टपालात गेलेलं परत कसं मागायचं? म्हणालो, थोरल्याचं वर्षभराचं काम तिथं डोळ्यांसमोर आहे, त्याला पत्राची गरजच काय? असं काहीबाही म्हणत राहिलो, आणि मुलाखतीचा दिवस आला.

कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार तेव्हा बेळगावहून निपाणीला अर्धा दिवस घ्यायची. चढ आला की आम्ही उतरून ढकलायचो. संकेश्वरच्या अलीकडं दोनदा ढकलली. निपाणीत उतरलो तो तंबाखूच्या वासानं शिंकतच. शाळेच्या व्हरांड्यात थोरला उभा होता, धुतलेला सदरा, हातात खडूचे डाग. तासावरून तसाच आला होता. मला बघून हसला.

“आलास? च्या पिलास काय?”

“तुझं पत्र आलं काय रं सरांचं?” मी विचारलं. आवाज माझा मलाच बारीक वाटला.

“सरांनी इकडं थेट धाडलंय. काय लिवलंय ठाव न्हाय.”

मला ठाऊक होतं. शब्दन् शब्द.

व्हरांड्याच्या टोकाला तिसरा एक उमेदवार खुर्चीवर बसला होता. खुर्ची त्याला आतून आणून दिली होती. तो संस्थेच्या अध्यक्षांच्या व्याह्यांकडचा, असं शिपायानं सांगितलं.

आधी मला बोलावलं. टेबलापलीकडं हेडमास्तर, आणि शेजारी अध्यक्ष, तंबाखूचे मोठे व्यापारी. हेडमास्तर पत्र चाळत होते. अध्यक्षांनी एकदम कानडीत काहीतरी विचारलं. त्यात ‘त्रिकोण’ तेवढा मला कळला. माझं कानडी बेळगावच्या बाजारातलं. दोन वाक्यं सफाईदार यायची: ‘एष्ट री?’ आणि ‘सल्प कडिमि माडरी’, म्हणजे केवढ्याला, आणि जरा कमी करा. त्यातलं एकही त्रिकोणाच्या क्षेत्रफळाला लावता येईना. मी हसलो. माझं हसणं फार चांगलं आहे असं गॅदरिंगमधे म्हणत.

हेडमास्तरांनी चष्मा वर केला. “तुमच्या प्राध्यापकांनी तर लिहिलंय, तुम्ही मुलांना कानडीतून शिकवत होता.”

मी पुन्हा तसाच हसलो.

त्यांनी शिपायाला सांगून थोरल्यालाही आत घेतलं. मग दोन पत्रं टेबलावर शेजारी शेजारी मांडली. दोन्हीवर तेच मोठं, वाकडं अक्षर. दोन्हींत कमी बोलणं, दोन्हींत कानडी, दोन्हींत नऊ गुण.

“आडनाव एक. प्राध्यापक एक. प्रसंगही एकच,” हेडमास्तर म्हणाले. “हे नऊ गुण तुमच्यातल्या कुणी परत केले?”

थोरल्यानं टेबलावरच्या पत्रांकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. त्याच्या ध्यानात सगळं आलं, हे मला त्याच्या कानांवरनं कळलं. ते लाल झाले. पण तो बोलला नाही. आपण केलेलं चांगलं आपल्याच तोंडानं सांगायची त्याला सवय नव्हती. आणि त्याहून, मला वाटतं, तो माझी वाट बघत होता. सांगणं माझं काम होतं.

मी तोंड उघडलं. आणि बाहेर काय आलं? “साहेब, आमच्या सरांचे विद्यार्थी सगळेच प्रामाणिक.”

अध्यक्ष मोठ्यानं हसले. हेडमास्तर हसले नाहीत. ते थोरल्याला म्हणाले, “तुम्ही तरी बोला. वर्षभर मी तुमचं काम बघतोय.”

“सरांना विचारा,” थोरला म्हणाला. एवढं हळू की खरंच मागच्या बाकाला ऐकू गेलं नसतं.

“विचारायला कुठं वेळ हाय?” अध्यक्ष घड्याळ बघत म्हणाले. “मास्तर, मला काय वाटतं सांगू? एक तर तुमच्या त्या प्रोफेसरला आपली पोरं ओळखू येत न्हाईत, न्हायतर ह्या दोघांनी मिळून एकच चिठ्ठी लिहून दिली आणि त्यानं सही ठोकली. कसंही धरा, ही दोन्ही पत्रं बाजूला ठेवा. बाहेरचा तिसरा बोलवा.”

हेडमास्तरांनी दोन बोटांनी पत्रं जरा वेळ दाबून धरली. मग सोडली. अध्यक्षांना थोरल्याला डावलायला एक निमित्त हवं होतं. ते मी अर्जाला जोडून टपालानं आधीच पोचतं केलं होतं.

मोटारस्टँडपर्यंत थोरला माझ्याबरोबर चालत आला. वाटेत मी पुष्कळ बोललो. सरांची दृष्टी, बाईंचं दारात असणं, टपालाची वेळ, लढाई. तो ऐकत होता. मोटारीत चढताना मी म्हणालो, “रागावलास काय?”

“तुला सरांचं काय कार्ड-बिर्ड न्हवतं आलं?”

“न्हाय.”

त्यानं मान हलवली आणि परत फिरला. पाचव्या तासाला त्याचा सातवीचा वर्ग होता. तो महिना संपेपर्यंत त्याला शिकवायचं होतं.

पुढं तो वखारीत लागला. तंबाखूची प्रत लावणं, बोदांवर खुणा घालणं. पुन्हा शाळेची पायरी चढला नाही. कधी निपाणीला गेलो तर दुरून दिसायचा, तोंडाला फडकं बांधलेला. मी रस्ता बदलायचो. फडक्यामुळं मी त्याला ओळखलं नाही असं मला म्हणता यायचं.

दीड-दोन वर्षांनी बेळगावात रेशनच्या खात्यात कारकुनांची भरती निघाली. वर्तणुकीचा दाखला हवा होता, शिकवलेल्या प्राध्यापकाचा. दुसरा कोण देणार? या वेळी मी शहाणा झालो होतो. थोरल्याची ती नक्कल पेटीतून काढली आणि ओळीनं भरली. पूर्ण नाव, पुढं कंसात ‘धाकटा’. वर्षं, पेपर, तिसरा वर्ग. जागा कोणती, पत्र कुणाच्या नावानं, शेवटची तारीख. प्रसंगाच्या ठिकाणी बराच वेळ लेखणी अडली. शेवटी ‘गॅदरिंगमधील भूमिका’ लिहिलं. आणि दोष: ‘थोडं जास्त बोलतो.’ मला ती ओळ फार आवडली. प्रामाणिकही, आणि नुकसानही नाही.

सर खिडकीपाशी बसले होते. डोळ्यांना जाड भिंग. मी नमस्कार करून म्हटलं, “सर, मी...”

“आवाज ओळखला. बसा, धाकटे.”

त्यांनी कागद भिंगाखाली धरला. एकेक ओळ बोटानं वाचली. तारखेपाशी थांबले, मान डोलावली. मग कागद खाली न ठेवताच म्हणाले, “थोरले काय करतात?”

“वखारीत आहेत, सर.”

“मी निपाणीला लिहिणार होतो, पहिलं पत्र चुकीचं म्हणून. बसलो होतो लिहायला. मग वाटलं, मुलाची अब्रू जाईल. तो स्वतः आणून देईल पत्र. म्हणून तुम्हाला कार्ड टाकलं.” ते थांबले. “पोचलं होतं?”

दोन वर्षं मी त्या प्रश्नाचं उत्तर घोळवून ठेवलं होतं, टपालखात्यासह. सरांसमोर ते काही आठवेना. मी खिडकीबाहेर फाटकाकडं बघत राहिलो. गाडी येणार होती, फाटक बंद होत होतं. बाईंनी आतून चहा आणून ठेवला आणि त्या गेल्या. तरी मी बोललो नव्हतो.

सरांनी टाक उचलला, शाईत बुडवला, आणि दाखला लिहायला न घेता तो माझ्यापुढं धरला. माझ्याच चिठ्ठीच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले,

“हा तुमचा दोष नव्हे, धाकटे. बोलायच्या वेळी तुमची वाचा बसते. ते लिहा इथं, मग मी दाखला लिहितो.”